आठवा दिवा

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. कामावरची मुलं मला पाठीमागे ‘ठिणगी’ म्हणतात. पाठीमागे म्हणजे मला स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्यामुळे रविवारी दुपारी भाचीचा फोन आला, “आत्या, बाबांनी राउटर खोलायला घेतलाय, तू आत्ताच ये,” तेव्हा मी ताटावरून उठले ती चिडूनच उठले.

दादा आणि मी केबल टाकायचं काम करतो. कचेऱ्या, दुकानं, शाळा, जिथे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायला हवेत तिथे आम्ही भिंतीतून, छतातून तारा नेतो आणि त्यांच्या टोकांना प्लग बसवतो. धंदा त्याचा, मी नंतर आले. प्लग बसवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तारा पसरायच्या, रंगांनी लावायच्या, प्लगमध्ये सरकवायच्या आणि पक्कड दाबायची. हे सगळं तो गप्पा मारता मारता करायचा. बसवलेली केबल टेस्टरला लावून बघायची असते, आम्ही सगळे लावतो. दादानं कधी लावली नाही. “माझ्या हाताचा प्लग आणि टेस्टरला?” असं म्हणून तो हसायचा, आणि खरं सांगायचं तर त्याचा प्लग कधी फसल्याचं मी पाहिलं नव्हतं.

मग मागच्या वर्षी त्याला आजार झाला. त्याचं नाव आमच्या घरात अजून कोणी घेत नाही. सलाइनमधून महिनोन्महिने औषधं गेली, केस गेले, चव गेली, आणि शेवटी आजारही गेला. केस परत आले. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कामाला लागा. दादाला ‘हळूहळू’ हा शब्द ठाऊकच नाही. त्या रविवारनंतर लगेच, सोमवारी, एका हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत आमचं काम सुरू व्हायचं होतं, आणि त्यानं जाहीर करून टाकलं होतं की तिथले सगळे प्लग तोच बसवणार. मी टेस्टरचा विषय काढला तर तोंड फिरवून बसला.

दार वहिनीनं उघडलं. मला आत न घेता तीच बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं.

“ताई, एक सांगायचं होतं. त्यांना कळू देऊ नका.”

“काय झालं?”

“सकाळी शर्टाची बटणं मी लावते. परवा चहाचा कप हातातून सुटला, आणि सुटला हे त्यांना फुटल्यावर कळलं. औषधांनी बोटांची टोकं बधिर होतात म्हणे. परत येईल म्हणतात, पण कधी ते कोणी सांगत नाही. आणि हे म्हणतात, मला काही झालेलं नाही.” तिचा आवाज बारीक झाला. “उद्या तिथे हॉस्पिटलात काही चुकलं तर? तुम्हीच काय ते बघा.”

मला वहिनीचा राग आला, हे इतके दिवस का लपवलं म्हणून. पण तिच्याकडे बघून तो टिकला नाही. आठवडाभर झोपली नसावी अशी दिसत होती.

आत दादा जमिनीवर बसला होता आणि राउटर त्याच्या मांडीवर होता. त्याच्या बाजूला भाची, हातात गेमचा कंट्रोलर, तोंड फुगलेलं. ती कॉलेजात आहे, आणि तिच्या मैत्रिणी आणि ती मिळून कन्सोलवर कसलीशी स्पर्धा खेळतात. त्या दिवशी संध्याकाळी सामना होता आणि त्याआधी गेमची भलीमोठी नवी आवृत्ती उतरवून घ्यायची होती.

“आत्या, बघ ना. आपला नेटचा प्लॅन तीनशेच्या स्पीडचा. फोनवर दोनशे नव्वद मिळतात. कन्सोलवर मात्र चौऱ्याण्णव. काल चौऱ्याण्णव, आज चौऱ्याण्णव. जणू कोणी मोजून देतंय!”

“खेळताना अडकतं का?”

“नाही. खेळायला काही नाही. पण ही नवी आवृत्ती संध्याकाळपर्यंत येतच नाही.”

चौऱ्याण्णव म्हटल्याबरोबर मला अर्धं उत्तर मिळालं. तारेवरचा वेग शंभरावर अडकला की मापात असाच आकडा येतो, शंभराच्या किंचित खाली. खेळायला तेवढं पुष्कळ, कारण खेळ चालू असताना माहितीची जा-ये फार थोडी असते. मोठं काही उतरवायला घेतलं की मात्र गाडी तिथेच अडते. आणि राउटर-कन्सोल दोन्ही हजाराच्या वेगाचे असताना तार शंभरावर बोलते आहे, म्हणजे वाटेत काहीतरी मोडलेलं असतं.

“पोर्ट गेलंय,” दादा म्हणाला. “मागच्या महिन्यात लाइट गेली-आली तेव्हा झटका बसला असणार. आता हा खोलून बघतो.”

“खोलू नकोस. आधी बघू दे तरी.”

“तू मला शिकवणार?”

“शिकवलंस तूच ना? मग बघ तुझी विद्यार्थीण किती शिकली ते.”

तो हसला आणि राउटर माझ्या हातात दिला. देताना त्याची पकड जरा जास्तच घट्ट होती. एखादी वस्तू हातात आहे याची नुसत्या स्पर्शावरून खात्री नसली की माणूस असंच धरतो, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं आणि मग ते डोळ्यांसमोरून जाईना.

मी राउटर जागेवर ठेवला आणि कन्सोलची केबल परत लावली. या राउटरला पोर्टशेजारी छोटा दिवा आहे. हजाराला हिरवा, शंभराला पिवळा. पिवळा लागला. मग मी पिशवीतली माझी आखूड, नवी केबल त्याच पोर्टात घातली आणि दुसरं टोक माझ्या लॅपटॉपला लावलं. दिवा हिरवा. लॅपटॉपही म्हणाला, हजार.

“पोर्ट ठीक आहे,” मी म्हणाले.

“दुसऱ्यांदा लावून बघ. कधी कधी एकदा लागतो.”

मी दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदाही. तिन्ही वेळा हिरवा. मग घरातली लांब केबल शेजारच्या पोर्टात लावली. पिवळा. म्हणजे पोर्ट बदललं तरी रड तीच. मग कन्सोल उचलून राउटरजवळ आणला आणि आखूड केबलनं जोडला. हिरवा. भाचीनं लगेच वेग मोजला आणि ओरडली, “दोनशे अठ्ठ्याऐंशी!”

म्हणजे राउटर निर्दोष, कन्सोल निर्दोष. उरली ती भिंतीच्या कडेनं गेलेली लांब केबल.

ती केबल त्यानंच टाकली होती, आजाराच्या बरंच आधी, आणि तेव्हापासून ती नीट चालत होती. पण दोन महिन्यांपूर्वी कपाट सरकवताना कन्सोलकडचं टोक ओढलं जाऊन तुटलं. ते नवं टोक कोणी बसवलं हे मला विचारायची गरज नव्हती. आजारानंतर त्यानं हाताळलेलं ते पहिलं काम होतं. त्या दिवशी त्यानं मला फोन करून सांगितलंही होतं, “हात अजून तसाच आहे गं!” मी फोनवर आनंदानं रडले होते.

मी टेस्टर काढला. त्याचे दोन भाग असतात, केबलच्या एकेका टोकाला एकेक. केबलच्या पोटात आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. टेस्टर एकेका तारेतून वीज पाठवतो, आणि ती पलीकडे पोचली तर तिथला दिवा लागतो. हजाराच्या वेगाला चारही जोड्या लागतात. एक जोडी जरी लंगडी पडली तरी दोन्ही टोकांची यंत्रं आपसात ठरवतात की बाबा, आता शंभरावरच भागवू, कारण शंभराला नारिंगी आणि हिरवी या दोनच जोड्या पुरतात. यातली वाईट गोष्ट अशी, की काही बंद पडत नाही. दिवा लागतो, नेट चालतं, कुणी तक्रारही करत नाही. हॉस्पिटलात अशी एखादी केबल राहिली तर डॉक्टरांच्या पडद्यावर स्कॅनची चित्रं रांगत उघडतील, आणि सगळे म्हणतील, आज मशीन जरा हळू आहे.

“चिऊ, तू कन्सोलकडच्या टोकाचे दिवे वाच,” मी भाचीला म्हणाले.

“एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात.” ती थांबली. “आठ नाही लागला.”

“परत बघ.”

परत तेच. सात लागायचा आणि आठच्या जागी अंधार. आठवी तार म्हणजे तपकिरी. तिची जोडीदार सातवी शाबूत असून उपयोग नव्हता.

मी गुडघ्यांवर बसून कन्सोलकडचं टोक हातात घेतलं. प्लग पारदर्शक असतो, नीट बघणाऱ्याला आत सगळं दिसतं. सात तारांची तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली होती. आठवी, तपकिरी, मागेच राहिली होती. पक्कड दाबली की तारेत रुतणारे पितळी दात तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तारा सरकवताना एक अडखळली तर बोटाला लगेच कळतं, जरासा विरोध लागतो, आणि आपण परत ओढून पुन्हा सरकवतो. शिकाऊ मुलांनाही आठवड्यात हे कळायला लागतं.

मला रडू आलं असतं. पण मी आणखी खाली वाकले, आणि प्लगपासून वीतभर अंतरावर केबल चपटी झालेली दिसली. भाचीची चाकांची खुर्ची तिच्यावरून रोज जात असणार. वरचं कवच दबून पांढरं पडलं होतं.

मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणणार नाही. कातरी घेतली आणि त्या चपट्या जागेच्या मागे, कच्चकन, केबल कापली. प्लग आणि दबलेला भाग एकाच तुकड्यात सुटून आला. आता दोष कुठे होता हे टेस्टर कुणालाच सांगू शकणार नव्हता.

“सापडलं,” मी मोठ्यानं म्हणाले. “खुर्चीचं चाक. बघ, कशी चेंगरलीय. आत तार तुटली असणार. चिऊ, ही तुझी करामत!”

“माझी?” भाची बिचारी कावरीबावरी झाली. “सॉरी, बाबा.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

मी भराभर नवा प्लग बसवला. टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे. कन्सोल परत जागेवर ठेवून केबल जोडली, राउटरवर हिरवा. भाचीनं आवृत्ती उतरवायला लावली आणि पट्टी सरसर पुढे जायला लागली. ती टाळ्या वाजवणार होती, पण खोलीतलं वातावरण बघून गप्प बसली.

“तो तुकडा दे,” दादा म्हणाला.

“काय करायचाय? कचरा आहे.”

“दे इकडे.”

मी दिला. त्यानं तो तळहातावर घेतला आणि भाचीला म्हणाला, “मोबाइलचा लाइट लाव.” तिनं धरला. मला वाटलं तो आधी चेंगरलेला भाग बघेल. त्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ प्लग डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघत राहिला. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती.

“चिऊ, आईला मदत कर जरा,” तो म्हणाला. भाची उठून गेली. जाताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू आपलं काय चुकलं ते तिला कळत नव्हतं.

“खुर्चीनं नाही गेली ही,” दादा म्हणाला.

“दादा, चेंगरलेली दिसत नाही का?”

“चेंगरलीय. पण कवचच दबलंय. आतल्या तारा सोलून बघ, सगळ्या धड निघतील.” त्यानं प्लग माझ्यासमोर धरला. “आणि ही तपकिरी इथे मागे बसलीय. हे तुला दिसलं नाही? तुला?”

मी टेस्टर पिशवीत कोंबायला लागले.

“पोरीवर ढकललंस,” तो म्हणाला. “तिनं माफी मागितली माझी.”

“मग काय करू?” माझा बांध फुटला. “वर्षभर तुला मरताना बघितलं आम्ही! आता उभा राहिलास, आणि मी येऊन सांगू, तुझा हात गेलाय म्हणून? मला नाही जमलं. नाही जमलं तर नाही जमलं.”

“ओरडू नकोस. त्या दोघी ऐकतायत.”

“ऐकू देत.”

तो रागावेल असं मला वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं, मीही भांडले असते आणि भांडणात आम्ही दोघं तरबेज आहोत. पण त्यानं तुकडा फक्त जमिनीवर ठेवला.

“चुकलं याचं काही नाही गं,” तो म्हणाला. “चुका सगळ्यांच्या होतात. पण मी ती तार सरकवली तेव्हा मला वाटलं, गेली. अगदी खात्रीनं वाटलं. बोटांना कळलंच नाही. मी तुला फोन केला होता. हात तसाच आहे म्हणून.”

“आठवतंय.”

“मी खोटं बोललो नव्हतो.”

“माहीत आहे मला.”

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी सरकून त्याच्यासमोर बसले. पिशवीतून एक कोरा प्लग काढला. त्याची कड धारदार असते, आमच्या सगळ्यांच्या बोटांना ती ओळखीची असते.

“डोळे मीट,” मी म्हणाले.

“कशाला?”

“मीट म्हणते ना.”

त्यानं मिटले. मी त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला. तो हात मी लहानपणापासून ओळखते. मला सायकल शिकवताना मागून सीट धरणारा, पहिल्यांदा पक्कड हातात देणारा. तो आता हलका वाटत होता. मी प्लगची कड अंगठ्याच्या टोकाला लावली आणि दाबली.

“कळतंय?”

“नाही.”

आणखी दाबली. कातडीवर खाच उमटली. “आता?”

“काहीतरी आहे. लांबून.”

तर्जनी. “इथे?”

“नाही.”

मधलं बोट. “इथे?”

“लावलंयस का तू?”

“हो,” मी म्हणाले. दारात वहिनी येऊन उभी राहिली होती, तिच्या मागे भाची. मी अनामिकेला लावलं. तो मान हलवून “नाही” म्हणाला. करंगळीला लावलं.

“हो. इथे कळतंय.”

मग तळहात. “हो.” मनगट. “हो, हो.” तिथे त्याला सगळं कळत होतं. मी पुन्हा अंगठ्यापाशी आले, उगीच, काही बदललं असेल म्हणून. त्यानं डोळे मिटूनच मान हलवली.

मी डावा हात घ्यायला गेले तर त्यानं तो मागे घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “डावा मला माहीत आहे.”

पडद्यावर गेम उतरून झाला होता आणि एक चिन्ह शांतपणे उघडमीट करत होतं. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. वहिनी आत येऊन त्याच्या मागे बसली आणि तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याला कळला, कारण त्यानं गाल त्या हातावर टेकवला.

“उद्या तू एकटी जा,” डोळे न उघडताच तो मला म्हणाला.